तलावातील मासे मोजताना

आपल्या जिल्ह्यातील धामापूरचा तलाव 1530 साली बांधला गेला. आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने 2020 साली त्यास जागतिक वारसा सिंचन स्थळांत स्थान दिले. अशा तलावाचे क्षेत्र मोजता येते, खोली दोरीने पाहता येते, पाणी किती साठते याचा हिशेब मांडता येतो. मात्र त्यात मासे किती आहेत, असे कुणी विचारले तर काठावर उभा असलेला माणूस गप्प होतो. मासे दिसत नाहीत, एका जागी थांबत नाहीत आणि सगळे जाळ्यात येत नाहीत. तलाव आटवून मोजावेत तर मोजणी होते, पण मासेच उरत नाहीत.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. एखादा तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थेला दरवर्षी दोन निर्णय करावे लागतात : बोटुकली किती सोडायची आणि मोठे मासे किती काढायचे. तलावात दोन हजार रोहू आहेत असे समजून आठशे काढले आणि प्रत्यक्षात ते हजारच असले, तर पुढच्या वर्षी जाळे रिकामे येते. त्या चुकीची किंमत ज्यांची चूल जाळ्यावर चालते तेच मोजतात. म्हणून न दिसणाऱ्या माशांची संख्या कशी काढतात, ही रीत कुठे खरी ठरते आणि कुठे फसवते, हे या लेखात आम्ही सविस्तर मांडत आहोत.

चिंचोक्यांचा हिशेब

रीतीचा गाभा समजण्यासाठी तलावाऐवजी मडके घेऊ. मडक्यात बरेच चिंचोके आहेत. किती ते ठाऊक नाही. त्यांतून साठ चिंचोके काढावेत, त्यांवर चुन्याचा ठिपका द्यावा, परत मडक्यात टाकावेत आणि मडके चांगले ढवळावे. आता न पाहता पन्नास चिंचोके काढावेत. समजा, त्यांत पाच ठिपक्याचे निघाले. म्हणजे हाती आलेल्या चिंचोक्यांत दहांमागे एक ठिपक्याचा आहे. मडके नीट ढवळलेले असेल, तर साऱ्या मडक्यातही साधारण हेच प्रमाण असणार. ठिपक्याचे एकूण साठ आहेत हे आपल्याला पक्के माहीत आहे. साठ हा दहावा हिस्सा, तर एकूण चिंचोके सहाशे.

हेच सूत्र तलावाला लावायचे :

एकूण मासे = (खूण करून सोडलेले मासे × दुसऱ्या फेरीत पकडलेले मासे) ÷ दुसऱ्या फेरीत सापडलेले खुणेचे मासे

डेन्मार्कचे प्राणिशास्त्रज्ञ पीटरसन यांनी चपट्या माशांना (आपल्याकडील लेपोसारख्या) खुणा करून केलेला अभ्यास 1896 साली प्रसिद्ध केला. या रीतीला आजही त्यांचे नाव दिले जाते. पुढे 1938 साली झो श्नाबेल या अमेरिकन गणितज्ञ महिलेने तलावातील एकूण माशांच्या अंदाजावर एक शोधनिबंध लिहिला. दोनच फेऱ्यांवर न थांबता अनेक दिवस पकडत, खुणा करत आणि सोडत राहिल्यास सर्व दिवसांचा हिशेब एकत्र कसा मांडावा, हे त्यात दाखविले आहे. तलावावर प्रत्यक्ष काम करणाऱ्याला श्नाबेल यांचीच रीत अधिक सोयीची पडते. कारण एका दिवसात शेकडो मासे सहसा मिळत नाहीत.

खूण कशी करतात

मासा पकडायचा तो परत जिवंत सोडण्यासाठी, हे या कामात प्रथम लक्षात ठेवावे लागते. म्हणून गळ्यात अडकून मासा गुदमरेल अशी कांडाळ टाळतात. काठावर ओढायचे जाळे, पाग किंवा सापळा वापरतात. काम सकाळी, ऊन चढण्यापूर्वी उरकतात. मासा ओल्या हातानेच धरतात, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्या जागी बुरशी धरते. मग पोटाखालच्या एका पराचा लहानसा कोपरा स्वच्छ कात्रीने कातरतात, किंवा पाठीच्या पराच्या मुळाशी क्रमांकाची बारीक पट्टी अडकवतात. कातरलेला पर काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. त्यामुळे ही खूण थोड्या दिवसांच्या कामालाच उपयोगी. क्रमांकाची पट्टी अधिक टिकते आणि कोणता मासा कितव्यांदा सापडला तेही सांगते, पण ती गळून पडण्याचा धोका असतो.

खूण केलेला मासा लगेच तलावात फेकत नाहीत. पाण्याच्या टोपात काही वेळ ठेवून तो सरळ पोहतो आहे ना, हे पाहतात. कलंडलेला मासा हिशेबात धरत नाहीत. सोडतानाही सगळे एकाच घाटावर सोडून चालत नाही. जिथे पकडले त्या त्या भागात सोडावे लागतात. मडके ढवळण्याचे काम इथे आपल्या हातात नसते, ते माशांनीच करायचे असते.

चौदा दिवसांचा एक खरा हिशेब

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. अमेरिकेतील इंडियाना राज्यात गॉर्डी नावाचा एक तलाव आहे. तेथे शेल्बी गर्किंग या मत्स्यशास्त्रज्ञाने सनफिश जातीच्या माशांची मोजणी केली आणि ती 1953 साली प्रसिद्ध झाली. 2 जून ते 15 जून असे चौदा दिवस मासे पकडले गेले. त्या आकड्यांत या रीतीचे गुण आणि दोष दोन्ही दिसतात, म्हणून आम्ही ते निवडले आहेत.

पहिल्या दिवशी दहा मासे मिळाले. दहांनाही खूण करून सोडले. दुसऱ्या दिवशी सत्तावीस मिळाले, त्यांत खुणेचा एकही नव्हता. तिसऱ्या दिवशी सतरा, चौथ्या दिवशी सात, पाचव्या दिवशी एक, सहाव्या दिवशी पाच. खुणेचा मासा अजून एकही नाही. सहा दिवसांच्या श्रमानंतर तलावात खुणेचे सदुसष्ट मासे पोहत होते आणि संख्येबद्दल सांगण्यासारखे काहीच हाती नव्हते, कारण शून्याने भागता येत नाही.

सातव्या दिवशी सहा मासे मिळाले आणि त्यांत दोन खुणेचे निघाले. सूत्र लावू : सदुसष्ट गुणिले सहा, भागिले दोन, उत्तर 201. आठव्या दिवशी खुणेचे एकाहत्तर मासे तलावात होते. पंधरा मिळाले, त्यांत खुणेचा एकच. उत्तर आले 1065. नवव्या दिवशी पंच्याऐंशी खुणेचे असताना नऊ मिळाले आणि त्यांत तब्बल पाच खुणेचे. उत्तर 153. तीन दिवसांत एकाच तलावाने तीन वेगळी उत्तरे दिली. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबून कुणी माशांचा सौदा केला असता, तर तो पुरता फसला असता.

श्नाबेल यांची रीत इथे उपयोगी पडते. प्रत्येक दिवशी तलावात आधीपासून असलेले खुणेचे मासे आणि त्या दिवशी मिळालेले मासे यांचा गुणाकार करायचा. दुसऱ्या दिवशी दहा गुणिले सत्तावीस म्हणजे 270, तिसऱ्या दिवशी सदतीस गुणिले सतरा म्हणजे 629, असे करत चौदाव्या दिवसापर्यंत जायचे. सगळे गुणाकार मिळवले की गॉर्डी तलावाची बेरीज 10,740 होते. चौदा दिवसांत खुणेचे मासे एकूण चोवीस वेळा सापडले. 10,740 भागिले 24 म्हणजे सुमारे 447. शून्य मिळालेले दिवसही या बेरजेत धरलेले आहेत, हे ध्यानात घ्यावे. ज्या दिवशी खुणेचा मासा सापडला नाही, तो दिवसही काहीतरी सांगतच असतो.

या चौदा दिवसांत एकूण 162 वेळा मासा हाती आला. त्यांतील चोवीस वेळा तो आधी खूण केलेला होता, म्हणजे वेगवेगळे मासे 138. तलावात निदान इतके होते यात शंका नाही. 447 हा आकडा त्याच्या तिपटीहून अधिक आहे. न पाहिलेल्या तीनशेहून अधिक माशांबद्दल आपण केवळ प्रमाणाच्या आधारे बोलत आहोत.

मग त्यावर भरवसा किती ठेवायचा? यासाठी एक साधा नियम आहे. खुणेचे मासे जितक्या वेळा सापडले त्या संख्येचे वर्गमूळ घ्यावे आणि त्याची दुप्पट करावी. चोवीसचे वर्गमूळ जवळजवळ पाच, त्याची दुप्पट दहा. म्हणजे नशिबाच्या फेऱ्याने चोवीसऐवजी चौदा किंवा चौतीस मासेही सापडू शकले असते. चौतीसने भागल्यास उत्तर 316 येते, चौदाने भागल्यास 767. अधिक काटेकोर गणित केले तरी मर्यादा साधारण तीनशे ते सातशे अशीच निघते. तेव्हा "तलावात 447 मासे आहेत" हे वाक्य अपुरे ठरते. "तीनशे ते सातशेच्या दरम्यान, बहुधा साडेचारशेच्या आसपास" हे खरे वाक्य. ज्याला मासे काढायचे आहेत त्याने खालचा आकडा धरून चालावे, त्यात शहाणपण आहे.

आकड्यांतील एक खटकणारी गोष्ट

त्याच आकड्यांकडे पुन्हा पाहिले की आणखी एक बाब दिसते. तलावात 447 मासे होते असे धरले, तर पहिल्या सहा दिवसांत खुणेचे तीन-चार मासे सापडायला हवे होते. सापडला एकही नाही. नुसत्या योगायोगाने असे शंभरात दोन-तीन वेळाच घडेल. उलट सातव्या दिवसापासून वीसच्या आसपास अपेक्षित असताना चोवीस सापडले. केवळ नंतरच्या आठ दिवसांचा हिशेब केला तर उत्तर सुमारे 379 येते.

असे का झाले असेल, हे आकडे स्वतः सांगत नाहीत. ते फक्त संशय जागा करतात. कदाचित योगायोगच असेल. कदाचित खूण केलेले मासे काही दिवस बिथरून खोल पाण्यात राहिले असतील. कदाचित तलावातील सगळे मासे एकमेकांत मिसळायला तितका वेळ लागला असेल. जाणकार माणूस अशा वेळी अपेक्षित आणि प्रत्यक्ष सापडलेले खुणेचे मासे दिवसागणिक शेजारी शेजारी लिहितो. दोन्ही रकाने हातात हात घालून चालले तर ठीक. एक रकाना सतत मागे राहिला, तर मोजणीच्या एखाद्या गृहीताला तडा गेला आहे असे तो समजतो.

गृहीते कुठे मोडतात

पहिले गृहीत असे की, खूण टिकते आणि खूण केलेला मासा इतरांसारखाच जगतो. गॉर्डी तलावात कामाच्या ओघात तीन मासे दगावले. ते खुणेच्या संख्येतून वजा केले गेले, म्हणून हिशेब बिघडला नाही. जे मासे आपल्या नकळत मरतात त्यांचे काय? पट्ट्या गळून पडल्या किंवा जखमेने मासे मेले, तर दुसऱ्या फेरीत खुणेचे मासे कमी दिसतात. भागायचा आकडा लहान झाला की उत्तर फुगते. निष्काळजीपणे हाताळलेला तलाव अधिक श्रीमंत भासतो, आणि त्या भासावर जास्त मासे काढले जातात. माशाला इजा न करणे ही करुणेची बाब आहेच. या कामात ती हिशेबाच्या अचूकपणाचीही अट आहे. याची पारख करायला काही खुणेचे मासे दोन-चार दिवस तलावातच जाळीच्या पेटीत ठेवतात. त्यांतील किती मेले आणि किती पट्ट्या गळल्या, ते पाहून आकडा दुरुस्त करता येतो.

दुसरे गृहीत, मोजणीच्या काळात तलाव बंद असतो : बाहेरून मासा येत नाही, आतून जात नाही. आपल्या कोकणात हे गृहीत कधी मोडते हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. मृगाच्या पावसात ओढ्यांना पाणी आले की चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर सरकत थेट भाताच्या मळ्यांत शिरतात. तलाव भरला की सांडव्यावरून मासे खाली जातात. केवळ मासे निघून गेले आणि त्यांत खुणेचे व बिनखुणेचे सारख्याच प्रमाणात असले, तर प्रमाण बदलत नाही. उत्तर पहिल्या फेरीच्या वेळचे मानावे. केवळ नवे मासे आले, तर खुणेचे विरळ होतात आणि उत्तर दुसऱ्या फेरीच्या वेळचे ठरते. दोन्ही गोष्टी घडल्या, तर ते उत्तर कोणत्याच दिवसाचे राहत नाही. म्हणून आपल्याकडे ही मोजणी थंडीच्या महिन्यांत करावी : सांडवा थांबलेला असतो, ओढे आटत आलेले असतात आणि पाणी अजून तापलेले नसते.

तिसरे गृहीत सर्वांत नाजूक आहे. प्रत्येक मासा जाळ्यात येण्याची शक्यता सारखी असते, असे आपण धरतो. प्रत्यक्षात रोहू उघड्या पाण्यात फिरतो, तर मरळ शेवाळात आणि झुडपांच्या मुळांशी दडून बसतो. ओढायचे जाळे तिथे पोहोचतच नाही. पहिल्या फेरीत मरळ मिळाला नाही आणि दुसऱ्या फेरीतही तेच जाळे त्याच काठाने ओढले, तर तो पुन्हा मिळणार नाही. खुणेचे रोहू मात्र पुन्हा पुन्हा सापडतील. उत्तर नीटनेटके येईल, मर्यादाही अरुंद दिसेल आणि मरळ हिशेबाबाहेर राहील. याउलट आमिषाच्या सापळ्याची चटक लागलेला मासा वारंवार येतो आणि उत्तर खाली ओढतो. यावर उपाय दोन : प्रत्येक जातीचा आणि लहान-मोठ्या आकाराचा हिशेब वेगळा मांडावा, आणि दुसऱ्या फेरीत साधन व जागा बदलावी. पहिल्यांदा ओढायचे जाळे वापरले असेल तर दुसऱ्यांदा पाग किंवा गळ घ्यावा.

माशांकडून माणसांकडे

इतिहासाचा अभ्यास करताना हीच रीत आम्हाला माणसांच्या मोजणीत भेटली. सी. चंद्रशेखरन हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ आणि एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ यांनी 1949 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात कोलकात्याजवळील सिंगूर भागातील जन्ममृत्यूंचा हिशेब होता. एक यादी सरकारी नोंदवहीतील. दुसरी यादी घरोघर जाऊन केलेल्या चौकशीतून तयार झालेली. नोंदवही म्हणजे पहिले जाळे, घरोघरची चौकशी म्हणजे दुसरे. दोन्ही याद्यांत असलेली नावे म्हणजे खुणेचे मासे. त्यावरून दोन्ही याद्यांतून सुटलेल्या जन्मांची आणि मृत्यूंची संख्या काढता येते.

तिसऱ्या गृहीताची अडचण इथेही तशीच उभी राहते. गावकुसाबाहेरच्या ज्या वस्तीकडे नोंदणी करणारा फिरकत नाही, तिकडे घरोघर फिरणाराही बहुधा शेवटी जातो, किंवा जातच नाही. दोन्ही जाळी एकाच काठाने ओढली की त्या वस्तीतील बाळाचा जन्म दोन्हींतून निसटतो आणि एकूण अंदाज खऱ्याहून कमी येतो. चंद्रशेखरन आणि डेमिंग यांना हा धोका ठाऊक होता. सगळ्या लोकसंख्येचा एकच ढीग न करता तिचे सारख्या स्वभावाचे लहान लहान गट पाडावेत, प्रत्येक गटाचा हिशेब वेगळा करावा आणि मग बेरीज घ्यावी, असा उपाय त्यांनी सुचविला. मरळाचा हिशेब रोहूपासून वेगळा करण्याची जी युक्ती वर सांगितली, ती हीच.

म्हणून एखाद्या तलावाचा, गावाचा किंवा तालुक्याचा असा आकडा समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात. दुबार सापडलेले किती होते? चार-पाचच असतील, तर तो आकडा फारसा कामाचा नाही. मधल्या काळात किती आले, किती गेले? आणि दोन्ही वेळा जाळे कुठे कुठे टाकले होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मिळवायला मात्र काठाकाठाने फिरून, शेवाळाची कोणती बाजू जाळ्याविना राहिली ते पाहावे लागते.